तीन वाट्या आणि एक आवळा

भोरात त्या काळी कॉफी पिणारी घरं बारा-तेरा असतील, आणि त्या सगळ्या घरांची कॉफी एकाच माणसाच्या हातून भाजून निघायची. इब्राहीम त्याचं नाव. तो माझ्या शेजारी राहायचा आणि मी त्याची पत्रं लिहून द्यायचो. मी शाळामास्तर. दिवसभर पोरांच्या पाट्या बघून डोळे आंबलेले असायचे, तरी संध्याकाळी हा दारात उभा राहिला की मी दौत पुढे ओढायचो. नाही म्हणायलासुद्धा ताकद लागते, ती माझ्यात उरलेली नसे.

इब्राहीम तरुणपणी पुण्याला कॅम्पात एका शेटजींच्या कॉफीच्या गोदामात कामाला होता. पंधरा वर्षं. तिथं एक म्हातारा मद्रासी चाखणारा होता, त्याच्या हाताखाली इब्राहीमची जीभ तयार झाली. पुढं धूळ आणि धूर छातीला सोसेना म्हणून तो गावी परतला, आणि येताना एक पत्र्याचा डबा घेऊन आला. डब्यातून आरपार सळई, सळईला मूठ, खाली कोळशाची शेगडी. त्यात बुंद, म्हणजे कॉफीची कच्ची बी, घालून तो मूठ फिरवत बसे. आमच्या बोळात आठवड्यातून दोनदा तो वास सुटायचा आणि कॉफी न पिणारेही खिडक्या उघडायचे. गिऱ्हाइकांत सोवळ्याची घरं होती. ती म्हणायची, दळून नको, नुसती भाजलेली बी दे, दळायचं आमचं आम्ही बघू. बी चालते, पीठ चालत नाही, यामागचं शास्त्र मला कोणी समजावलं नाही. इब्राहीम निमूटपणे बी द्यायचा.

वर्षाला एकच सौदा. माघात नवं पीक आलं की शेटजींचे मुनीम तीन-चार मळ्यांच्या कॉफीचे नमुने लहान लहान पिशव्यांतून पाठवायचे. पिशवीवर नाव नसे, आकडा असे. इब्राहीम ते घरी चाखायचा, एक आकडा निवडायचा, मी पत्र लिहायचो, आणि त्या आकड्याचं पोतं सर्व्हिस मोटारीच्या टपावरून यायचं. ते पोतं पुढचं वर्षभर पुरवायचं. निवड चुकली तर बारा घरं बारा महिने वाईट कॉफी पिणार, म्हणजे खरं तर दोन महिन्यांत पुण्याहून तयार कॉफीचा डबा मागवायला लागणार. मुनीमच निवडून का पाठवत नाहीत, असं मी एकदा विचारलं होतं. इब्राहीम म्हणाला, "मुनीम त्येच धाडंल मास्तर, जे त्याच्याकडनं खपत न्हाई."

अडतीस साल उजाडायच्या आधीची गोष्ट. भाद्रपदात इब्राहीमला ताप आला आणि एकवीस दिवस उतरला नाही. उतरला तेव्हा माणूस अर्धा झाला होता. दिवाळीपर्यंत तो उठून बसला, पुन्हा डबा फिरवायला लागला. कॉफी पूर्वीसारखीच भाजली जात होती. भाजणं तो कानानं करायचा: दाणे तडतडायला लागले की किती वेळ थांबायचं ते त्याच्या मनगटात बसलं होतं, आणि रंग डोळ्यांना दिसतच होता. त्यामुळे कोणाला काही कळलं नाही. मलाही नाही.

माघाच्या सुरुवातीला नमुने आले. तीन पिशव्या. त्या दिवशी इब्राहीम आला, दार लोटलं आणि खाली बसला.

"मास्तर, माझी जीभ ग्येली," तो म्हणाला.

मला वाटलं तोंड आलंय. मी म्हटलं, तुरटीचं पाणी धर.

"तसं न्हाई. चवच लागत न्हाई. तापापासनं. वास बी न्हाई. मीठ टाकलं काय, साखर टाकली काय, माझ्या तोंडात समदं राखंवानी. डाक्तर म्हणाले, यील. पाच महिनं झालं."

"अन्वरीबाईंना सांगितलं?" मी विचारलं. अन्वरीबाई म्हणजे त्याची बायको.

"न्हाई. आन तुमी बी सांगू नका. तिचं एकच चाललंय, डबा इका आन नसरापूरला लेकीकडं चला. जावायाचं दुकान हाय, बसून खावा म्हणती. ह्ये कळलं म्हंजे ती उद्याच गाडी जुपंल."

मला राग आला. माझ्याकडे येऊन हा माणूस आपलं ओझं माझ्या उंबऱ्यावर ठेवत होता, आणि वर म्हणत होता, उचला पण आवाज करू नका. पण त्याच्याकडे बघितलं आणि राग फार टिकला नाही. ज्या माणसाची सगळी ऐट जिभेच्या शेंड्यावर होती, त्याचा शेंडाच खुडला गेला होता. मी विचारलं, मग आता निवडणार कसं?

"अन्वरी चाखंल," तो म्हणाला. "तिला शिकिवतो. म्हणायचं, दोघांना येत असलं म्हंजे बरं. उद्या म्या आजारी पडलो तर. तुमी बी या मास्तर. तिनं सांगितल्यालं लिवून ठिवाया."

दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेच्या मोठ्या सुट्टीत मी गेलो. अन्वरीबाई नदीवरून धुणं आणून दोरीवर टाकत होत्या. पन्नाशीच्या, सडपातळ, बोलणं कमी आणि तेही कामापुरतं. इब्राहीमनं सांगितलं तशी त्यांनी एकदा त्याच्याकडे नीट पाहिलं आणि ओले हात पदराला पुसले.

"समद्या अंगाला काम व्हतं," त्या म्हणाल्या. "जीभ तेवढी मोकळी ऱ्हायली व्हती. लावा तिला बी कामाला."

आम्ही दोघं नवशिके होतो हे सांगायला हवं. मला कॉफीबद्दल दोनच शब्द ठाऊक होते, छान आणि कडू. आमच्या घरी सणावारी कॉफी व्हायची, त्यात दूध, साखर आणि वरून जायफळ, आणि जायफळ पडलं की कॉफीचे सगळे गुन्हे माफ असतात. अन्वरीबाईंकडे तर एकच शब्द होता. इब्राहीमनं पहिली वाटी पुढे केली, त्यांनी चमच्यानं घेतली आणि म्हणाल्या, "काडा."

इब्राहीम हसला नाही. त्यानं पूर्वी कोणाला शिकवलं नव्हतं, पण म्हाताऱ्या मद्राश्यानं त्याला जसं शिकवलं तसं तो शिकवायला लागला. आधी त्यानं कॉफी बाजूलाच सारली. चुलीपुढे एक ओळ मांडली: लिंबाची फोड, चिंचेचं बुटुक, ताजं ताक, काल उरलेलं आंबलेलं ताक, आणि एक आवळा. आवळे तो नसरापूरच्या बाजारातून आणायचा, मार्गासनीकडची एक म्हातारी पाटी घेऊन बसायची तिच्याकडून. झाडावरचे शेवटचे होते, सुरकुतलेले.

"आंबट म्हंजे वाईट न्हाई," तो म्हणाला. "चांगल्या कॉफीत आंबटपणा असतुया. त्यो नसला तर कॉफी मेल्याली. पण कोणचा आंबटपणा, त्ये बघायचं. लिंबावानी टोचतो, का आवळ्यावानी तोंडाला पाणी सोडतो, का ह्या शिळ्या ताकावानी नाकाकडं जातो. पयले दोन चालतील. तिसरा आला तर समजायचं, बी धुताना लई येळ पाण्यात राहिली, फुगली, आंबली. त्ये पोतं घ्यायचं न्हाई. दुधात बी ती चव लपत न्हाई."

मग अंग. हा गोदामातला शब्द. मला वाटलं होतं अंग म्हणजे कडकपणा. इब्राहीमनं मान हलवली. त्यानं दोन वाट्या घेतल्या, एकीत नुसतं पाणी, दुसरीत भाताची पेज. "चव इसरा. जिबंवर वजन किती पडतं तेवढंच बघा. पाणी पळतं, पेज बसती. कॉफी कडू असून बी अंगानं पातळ असू शकती. काही दुकानदार चिकोरी घालून अंग आणत्यात, त्ये उसनं अंग."

गोडीचं अवघड होतं, कारण साखर घालायची नव्हती. बिनसाखरेच्या कॉफीत गोडी कुठली, मी विचारलं. तो म्हणाला, "भाकरी चावत ऱ्हायलं तर गोड लागती का न्हाई? त्यात कोण साखर घालतं? तसली गोडी. कडूच्या मागं उभी असती, पुढं येत न्हाई." अन्वरीबाईंनी हे लगेच मानलं. त्या म्हणाल्या, काकवी उकळताना वाफेला असते तशी का? इब्राहीम त्यांच्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, व्हय, तशीच.

शेवटी मागची चव. घोट गेल्यावर तोंडात काय उरतं आणि किती वेळ. यासाठी त्यानं हिरड्याचा एक तुकडा ठेवला होता. तो चावला की जीभ आणि गाल कसे आवळून कोरडे होतात ते त्यानं दाखवलं. "मागं असा तुरटपणा राहिला तर पीक कच्चं तोडलंय. मागं काईच न्हाई राहिलं तर जुनी कॉफी. आन घोट ग्येल्यावर गोड वास ऱ्हायला, आपून पानी प्याचं इसरलो, तर ती घ्यायाची."

हे सांगताना इब्राहीमनं हिरड्याचा तुकडा तोंडात टाकला होता आणि त्याचा चेहरा उजळला होता. मला नंतर बाहेर गाठून तो म्हणाला, "मास्तर, तुरट कळतंय मला. जीभ सुकती ती कळती. पेजंचं वजन बी कळलं. ती चव न्हाई ना, नुसतं हात लावल्यावानी हाय. तेवढं ऱ्हायलंय."

आठ दिवस रोज दुपारी हे चाललं. अन्वरीबाई पहाटे चारला उठायच्या, दळण, पाणी, स्वयंपाक, धुणं, दोन घरच्या गोधड्या शिवायला घेतलेल्या, आणि त्यानंतर ही तोंडाची शाळा. कधी कधी चमचा हातात धरूनच त्यांचा डोळा लागायचा. मी म्हटलं, उद्या करू. त्या म्हणाल्या, न्हाई, आजच. मला त्यांची चिकाटी समजत नव्हती. ज्या बाईला डबा विकून लेकीकडे जायचंय, तिनं कॉफी शिकण्यासाठी एवढं का झिजावं? पण मी पडलो मास्तर, शिकणारा शिकतोय ना, मग कारण कशाला विचारा.

त्यांची एक पद्धत पडली होती. प्रत्येक वाटीआधी त्या आवळ्याचा एक लहान तुकडा दाताखाली धरायच्या. "आंबटपणा कसा व्हता त्ये इसरायला नगं," म्हणायच्या. इब्राहीमला त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही. मी तर वहीत लिहूनही ठेवलं, की आवळ्याशी ताडून पाहावे. मला अजून त्या वाक्याची लाज वाटते.

पत्र जायची वेळ आली. मुनिमांना सोमवारच्या टपालानं आकडा कळवायचा होता, नाही तर माल दुसऱ्याला जाणार होता. रविवारी इब्राहीमनं तिन्ही नमुने सारखे हलके भाजले. गिऱ्हाइकांसाठी तो गडद भाजायचा, पण चाखायला हलकंच, कारण जास्त भाजलं की सगळ्या कॉफ्या सारख्याच कडू. खलबत्त्यात जाडसर कुटल्या. तीन सारख्या वाट्या, प्रत्येकीत सपाट एक-एक चमचा पूड, आणि उकळी बसलेलं पाणी वरून काठोकाठ. पूड वर तरंगून जाड साय आली. चार मिनिटं मी माझं घड्याळ धरून बसलो. मग इब्राहीमनं सवयीनं वाकून चमच्यानं साय फोडली आणि नाक पुढे केलं. मी पाहिलं, तो तसाच वाकून राहिला, काही न येणाऱ्या वासाची वाट बघत. मग त्यानं फेस काढून टाकला आणि बाजूला सरकला.

अन्वरीबाईंनी आवळा चावला. चमचा भरून ओठांशी नेला, इब्राहीमनं शिकवला तसा मोठ्यानं फुर्र करून ओढला, तोंडभर फिरवला, बादलीत थुंकला.

एक नंबर. "गोड हाय. आंबट जरा. पातळ न्हाई."

पुन्हा आवळा. दोन नंबर. "गोड. पाण्यावानी पळती."

पुन्हा आवळा. तीन नंबर. या वेळी त्या जरा थांबल्या. "ह्ये लई गोड. आंबट न्हाईच. मागं बी गोडच ऱ्हातंय."

इब्राहीमनं स्वतःही चमचा घेतला. तिसऱ्या वाटीपाशी त्यानं दोनदा चाखलं. त्याची जीभ टाळ्याला लागून सुटताना आवाज झाला, कोरडा. "मागं सुकतंय का गं?" त्यानं विचारलं.

"न्हाई. मागं गोड."

"जरा बी तुरट न्हाई?"

"न्हाई म्हणलं ना."

त्यानं चमचा खाली ठेवला. त्याला काय वाटलं असेल ते मला समजत होतं. मेलेल्या जिभेनं जिवंत जिभेला खोटं कसं पाडायचं? तो मला म्हणाला, लिवा मास्तर, तीन नंबर. मी लिहिलं: तीन नंबरचा माल गोडीस उत्तम, आंबटपणा नाही, अंग मध्यम, मागची चव दीर्घ व गोड, सबब एक पोते पाठवावे. अक्षर छान आलं होतं. पत्र खिशात घातलं, निघताना अन्वरीबाईंनी उरलेले चार आवळे माझ्या हातात दिले.

सोमवारी सकाळी मी पत्र टाकायला निघालो आणि टाकलं नाही. यात माझी काही दूरदृष्टी नव्हती. टपालकचेरीपाशी गर्दी होती, मी म्हटलं मोटार दहाला सुटते, शाळा अकराची, जेवून येताना टाकू. उभं राहायचा कंटाळा आला, एवढंच. माझ्या आळसानं आयुष्यात केलेलं हे एकमेव चांगलं काम.

घरी येऊन जेवायला वेळ होता म्हणून एक आवळा तोंडात टाकला. आंबट, तुरट, तोंड वाकडं झालं. वर तांब्याभर पाणी प्यालो. पाणी गुळासारखं गोड लागलं.

लहानपणापासून मला हे ठाऊक आहे. भोरच्या बाजूच्या कुठल्याही पोराला विचारा, शाळेत जाताना आवळा खाऊन ओढ्याचं पाणी प्यायचं, साखरेचं होतं. आम्ही तिघं मिळून दीडशे वर्षांची माणसं, आणि आठ दिवस एकालाही ते आठवलं नाही. मी तांब्या तसाच ठेवला, चपला घातल्या आणि शेजारी गेलो. पत्र खिशात होतं.

इब्राहीम शेगडीशी राख काढत होता. मी त्याला काही न बोलता आवळा दिला, मग लक्षात आलं की त्याला काही कळणार नाही. मग आत बघून म्हटलं, "अन्वरीबाई, हा खा आणि पाणी प्या."

त्यांनी खाल्ला, पाणी प्याल्या. तांब्या खाली ठेवून त्यांनी कालच्या वाट्यांकडे पाहिलं.

"म्हंजे समदं चुकीचं सांगितलं म्या," त्या म्हणाल्या.

"सगळं नसेल. पुन्हा करू. नऊ वाजतायत, तासभर आहे."

त्यांनी तोंड तीन वेळा नुसत्या पाण्यानं धुतलं, कोरड्या भाकरीचा तुकडा चावला, पुन्हा पाणी. इब्राहीमनं तोवर पाणी तापवलं. उरलेली पूड तीन वाट्यांत. या वेळी आवळा जवळपासही नव्हता. चार मिनिटं. साय फोडली ती अन्वरीबाईंनी. गरम असताना एकदा चाखली, मग इब्राहीम म्हणाला थांब, कोमट होऊ दे, थंड झाल्यावर कॉफीला काही झाकता येत नाही.

एक नंबर. त्यांनी डोळे मिटले. "आंबट हाय. चांगला आंबट, तोंडाला पाणी सुटतं. मागं काकवीची वाफ. पेजंएवढं वजन." थोडं थांबून म्हणाल्या, "अजून हाय. घोट टाकला तरी हाय."

दोन नंबर. "पातळ. चव आली आन ग्येली. ऱ्हायलं काईच न्हाई."

तीन नंबरला त्यांनी चमचा तोंडात नेला आणि लगेच थुंकला. "ह्यो शिळ्या ताकाचा आंबटपणा. मडक्यातलं पीठ आंबून फुगतं तसला वास नाकात चढतो. आन मागं..." त्यांनी जीभ टाळ्यावर फिरवली. "मागं हिरडा."

"म्या म्हणलं व्हतं, सुकतंय," इब्राहीम म्हणाला.

आनंदात त्याच्या तोंडून निघून गेलं. अन्वरीबाईंनी चमचा वाटीत ठेवला.

"तुमाला तेवढंच कळतं. व्हय ना?"

इब्राहीमनं माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं.

"मास्तरांनी सांगितलं?" त्यानं विचारलं.

"मास्तर कशाला सांगतील. धा दिस झालं, तुमच्या कालवणात म्या मीठ घातलं न्हाई. माझ्या ताटात वरनं घेती. पयल्या दिशी वाटलं, आता वराडतील. तुमी म्हणलात, झ्याक झालंय."

इब्राहीम तळहातानं जमिनीवरची राख गोळा करत राहिला, जिथं राख नव्हती तिथंही.

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी सांगाल म्हणून वाट बघितली. रोज बघितली. तुमी म्हणलात, दोघांना येत असलं म्हंजे बरं. म्हणलं, बरं. खोटं बोलायचंच ठरवलंय तर बोलू द्या." त्यांचा आवाज चढला नव्हता. चढायलाही दम लागतो, त्या दमल्या होत्या. "पण मला ठावं व्हतं, म्या चुकले तर मागनं धरायला कोण न्हाई. तुमची जीभ असती तर म्या दोन येळा चाखून सोडून दिलं असतं. तुमी व्हता की बघायला. तुमी न्हाई म्हणून येक येका वाटीला आवळा चावला. इसरायला नगं म्हणून."

मला तेव्हा कळलं की आवळा कशासाठी होता, आणि गेले आठ दिवस ही बाई चमचा धरून का पेंगत होती. लपवलं नवऱ्यानं, आणि भीती बायकोच्या तोंडात गेली. मी शहाणा मास्तर त्या दोघांच्या मधोमध वही घेऊन बसलो होतो आणि मला काही दिसलं नाही. मला दोघांचाही राग आला आणि स्वतःचा सगळ्यात जास्त.

"तुला नसरापूरला जायचंय," इब्राहीम म्हणाला. "म्हणून सांगितलं न्हाई."

"मला निजायचंय," अन्वरीबाई म्हणाल्या. "नसरापूरला काय, हितं काय. पाठ टेकाया मिळंल असं वाटलं व्हतं तिकडं. लेकीच्या घरी बी दळण असतंय, मला कळत न्हाई का? सांगितलं असतं तर म्या काय गाडी जुपली असती?"

दहाला वीस मिनिटं कमी होती. मी जुनं पत्र फाडलं आणि तिथंच राहिलेल्या वहीच्या मागच्या पानावर नवं लिहायला घेतलं. विचारलं, काय लिहू? इब्राहीमनं बायकोकडे बोट केलं. अन्वरीबाईंनी सांगितलं आणि मी लिहिलं, एक नंबरचं, शब्द त्यांचेच ठेवून. काकवीची वाफ हे मुनिमांना कळेल का अशी शंका आली, पण मी बदललं नाही. तीन नंबरबद्दल इब्राहीमनं एक ओळ घालायला लावली, की माल आंबलेला व कच्चा आहे, दुसऱ्यालाही देऊ नये. खाली त्याची सही व्हायची. त्यानं टाक हातात घेतला, थांबला, आणि म्हणाला, मास्तर, चाखणार अन्वरी असं लिवा आधी. मग सही केली.

पत्र दहाच्या मोटारीला गेलं. या वेळी मी गर्दीत उभा राहिलो. एक नंबरचं पोतं फाल्गुनात आलं आणि त्या वर्षी गिऱ्हाइकांपैकी वकील आनंदरावांनी पहिल्यांदा कॉफीत जायफळ घालू नका म्हणून घरात सांगितलं. एरवी ते इब्राहीमला कौतुक बोलून दाखवणाऱ्यांतले नव्हते, पण तेवढं त्यांनी त्याला बोळात थांबवून सांगितलं. इब्राहीमनं ते अन्वरीबाईंना सांगितलं, त्या म्हणाल्या, बरं. धुणं दोघं मिळून करायला लागले होते, तो पिळायचा, त्या वाळत टाकायच्या. त्याच्या हाताला कॉफीचा काळपट रंग कायमचा होता, तो पांढऱ्या कपड्याला लागेल म्हणून त्या ओरडायच्या. जीभ परत आली नाही. आठ वर्षं ते दोघं मिळून चाखत राहिले, आंबट, गोड आणि वास त्यांच्याकडे, वजन आणि तुरट त्याच्याकडे.

पण मला सांगायचंय ते त्या सोमवारचंच. पत्र टाकून मी परत आलो तेव्हा ते जेवायला बसत होते. मला ताट वाढलं, मी नको म्हणेपर्यंत वाढून झालं होतं. अन्वरीबाईंनी इब्राहीमच्या ताटात कालवण घातलं आणि म्हणाल्या, "आज मीठ घातलंय."

इब्राहीमनं भाकरी बुडवली, घास घेतला आणि सावकाश चावला. पाच महिने तो प्रत्येक कालवणाला झ्याक म्हणत आला होता.

"न्हाई लागत," तो म्हणाला.

अन्वरीबाईंनी मान हलवली आणि त्याला अजून एक पळी वाढली. आम्ही तिघं जेवलो.